वेबिनार सुरू होण्याआधीची दहा मिनिटं: चॅटवर स्वागत कसं करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातल्या बागायतदारांसाठी संध्याकाळचे वेबिनार घेणाऱ्या मंडळींकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र उत्तरं दिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: डिसेंबरअखेरची संध्याकाळ, विषय आंब्याच्या मोहोरावरची फुलकीड, वेळ ७:३०, आणि कार्यक्रम झूमच्या वेबिनारवर.

लोकांना किती आधी आत घ्यायचं?

दहा मिनिटं. ७:३० चा कार्यक्रम असेल तर ७:२० ला वेबिनार सुरू करा. झूममध्ये आयोजकाने सुरू करेपर्यंत आलेल्या माणसाला फक्त 'अजून सुरू झालेलं नाही' अशा अर्थाचा पडदा दिसतो, चॅट मिळत नाही. म्हणजे तुम्ही ठोक्याला ७:३० ला सुरू केलंत, तर पावणेसातपासून फोन हातात धरून बसलेल्या दापोलीच्या काकांशी बोलायची सोयच राहत नाही. वक्ता आणि आयोजक यांनी मात्र ७ वाजताच सराव सत्रात जमून आवाज, स्लाइड वगैरे उरकून घ्यावं. लोक आत आल्यावर त्यांच्यासमोर 'ही स्लाइड पुढे का जात नाही' हा संवाद नको.

दहाहून जास्त मिनिटंही नकोत. वीस मिनिटं गप्पा चालवायला विषय पुरत नाही आणि लवकर आलेला माणूस कंटाळून जेवायला उठतो.

चॅट वक्त्यानेच सांभाळलं तर चालेल का?

नाही. वक्त्याचं लक्ष पहिल्या स्लाइडवर असतं, तो दोन जणांना उत्तर देतो आणि तिसऱ्याला विसरतो. चॅटसाठी वेगळा माणूस ठेवा. तो लॅपटॉपवर बसलेला हवा, कारण फोनवर भरभर मराठी टाइप करून पाच-पाच लोकांना उत्तर देणं जमत नाही. त्याला आंब्यातलं थोडं कळत असेल तर फारच उत्तम. 'कणी' म्हणजे मोहोरात धरलेलं बारीक फळ, हे माहीत नसलेल्या माणसाने बागायतदारांचं स्वागत करू नये, ते लगेच ओळखतात.

आम्ही स्वागताचे मेसेज टाकतो, पण कोणीच उत्तर देत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा तुमचा मेसेज लोकांपर्यंत पोचलेलाच नसतो. झूमच्या वेबिनारमध्ये चॅटच्या चौकटीवर 'कोणाला' हे निवडायचं असतं. तिथे Hosts and panelists निवडलेलं राहिलं, तर तुमचं गोड स्वागत फक्त वक्ता आणि आयोजक वाचत बसतात. तिथे Everyone निवडा, आणि मेसेज पाठवण्याआधी दर वेळी त्या ओळीकडे एक नजर टाका.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. सहभागींना कोणाशी बोलायची मुभा आहे हे आयोजक ठरवतो. ती मुभा फक्त आयोजक-वक्त्यांपुरती असेल, तर गुहागरहून आलेलं 'नमस्कार' तुम्हाला दिसतं, बाकी कोणाला दिसत नाही. मग तुम्ही लिहिता, 'नमस्कार गुहागर!' आणि बाकीच्यांना वाटतं, ही बाई कोणाशी बोलतेय? वेबिनारमध्ये सहभागी एकमेकांचे चेहरे पाहू शकत नाहीत, नावांची यादीही त्यांना दिसत नाही. आपल्याबरोबर आणखी कोणी आहे याची खूण त्यांना फक्त चॅटमध्ये मिळते. ती मुभाही Everyone वर ठेवा, आणि सहभागींनाही पहिल्याच मेसेजमध्ये सांगा: 'लिहिताना वर Everyone निवडा, म्हणजे सगळ्यांना दिसेल.'

खात्री करायचा एकच भरवशाचा मार्ग: शेजारी दुसरा फोन ठेवा, त्यावरून साध्या सहभागीसारखे आत या आणि चॅट उघडून ठेवा. तिथे जे दिसतं तेच वेंगुर्ल्याला दिसतंय.

७:२० ला सगळं नीट लिहिलं होतं, तरी ७:२७ ला आलेले लोक 'कार्यक्रम कधी सुरू होणार?' असंच विचारत राहतात. का?

कारण त्यांच्यापुढचं चॅट रिकामं असतं. झूमच्या वेबिनारमध्ये माणूस आत आल्यानंतरचेच मेसेज त्याला दिसतात, आधीचे नाहीत. आयोजकाच्या पडद्यावर छान गप्पांची लांबलचक यादी असते आणि नवीन आलेल्याला कोरी चौकट. स्वागतातली निम्मी अवघड शांतता इथून येते, आणि आयोजकाला ती कळत नाही कारण त्याच्या डोळ्यांपुढे सगळं भरलेलं असतं.

म्हणून स्वागताचा मेसेज एकदा टाकून भागत नाही. दर दोन मिनिटांनी तो थोडा बदलून पुन्हा टाकावा लागतो, आणि मधली उत्तरंही अशी लिहावी लागतात की आत्ताच आलेल्याला ती एकटी वाचूनही कळतील. 'हो ना, तिकडेही तसंच!' हे वाक्य नवीन माणसाला काहीच सांगत नाही. 'देवगडला मोहोर फुललाय म्हणतायत. तुमच्याकडे कसा आहे?' हे वाक्य पाच सेकंदांपूर्वी आलेल्यालाही पुरतं: काय चाललंय ते कळतं, आणि आपण काय लिहायचं तेही.

हे मेसेज आधीच नोटपॅडमध्ये लिहून ठेवा आणि तिथून चिकटवा. कॉम्प्युटरवर झूमच्या चॅटमध्ये एंटर दाबलं की मेसेज जातो. नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट दाबून एंटर. अर्धवट वाक्य गेलं तर आभाळ कोसळत नाही, पण टाळता येत असेल तर टाळावं.

लोकांना विचारायचं तरी काय? 'कसे आहात' विचारलं की 'मजेत' यापुढे गाडी जात नाही.

जाणारच नाही. 'कसे आहात' ला उत्तर एकच. 'आजच्या कार्यक्रमाकडून तुमच्या अपेक्षा काय' हा त्याहून वाईट, कारण तो परीक्षेतला प्रश्न वाटतो आणि फोनवर अंगठ्याने तीन ओळी कोण लिहीत बसणार.

प्रश्न असा हवा की उत्तर दोन शब्दांत देता येईल, चुकण्याची भीती नसेल, दुसऱ्याचं उत्तर वाचायला मजा येईल आणि वक्त्याला त्याचा उपयोग होईल. मोहोराच्या वेबिनारसाठी हा चालतो:

'गाव कुठलं, आणि मोहोर कुठवर आलाय? १ पालवीच आहे, २ बोंगे फुटतायत, ३ मोहोर फुललाय, ४ कणी धरली.'

कोकणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न रंगतो, कारण उत्तरं खरोखर वेगळी येतात. साधारणपणे दक्षिणेकडचा आंबा आधी तयार होतो आणि रायगडचा शेवटी. त्यामुळे वेंगुर्ल्याचा माणूस ४ टाकतो, राजापूरचा ३, अलिबागचा २, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा वाचण्यात रस असतो. बागायतदार शेजारच्या तालुक्याच्या मोहोराची चौकशी एरवीही करतोच. इथे ती आपोआप होते. एकाच बागेत दोन अवस्था असतील तर लोक 'अर्धी २ अर्धी ३' असंही लिहितात, आणि ते तर फारच कामाचं.

वक्त्याचा फायदा उघड आहे. बोंगे फुटताना द्यायचा सल्ला आणि मोहोर पूर्ण फुललेला असताना द्यायचा सल्ला एक नसतो. पूर्ण फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळतात, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या-कीटकांना त्याचा फटका बसतो. समोर कोण कुठल्या टप्प्यावर आहे हे ७:२८ लाच कळलं, तर वक्ता त्याप्रमाणे सुरुवात करतो.

विषय काजू, मासळी किंवा घरगुती पर्यटनाचा असेल तर प्रश्न बदला, पण जात तीच ठेवा: गाव आणि एक आकडा. फोन नंबर, बागेचं क्षेत्र, उत्पन्न हे चॅटवर कधीही विचारू नका. सगळ्यांसमोर ते कोणी सांगणार नाही, आणि सांगितलं तर त्याचंच नुकसान.

ही दहा मिनिटं प्रत्यक्षात कशी दिसतात?

७:२० ला वेबिनार सुरू. पडद्यावर एकच स्लाइड: विषय, वक्त्याचं नाव आणि मोठ्या अक्षरात 'सुरुवात ७:३० वाजता'. चॅटमध्ये पहिला मेसेज:

'नमस्कार मंडळी, बरोबर ठिकाणी आलात. मोहोरावरच्या फुलकिडीवरचा कार्यक्रम ७:३० ला सुरू होईल. तोवर सांगा, गाव कुठलं आणि मोहोर कुठवर आलाय? १ पालवी, २ बोंगे, ३ फुललाय, ४ कणी. लिहिताना वर Everyone निवडा.'

'बरोबर ठिकाणी आलात' हे मुद्दाम आहे. लिंकवरून आत आलेल्या निम्म्या लोकांना शंका असते की आपण भलतीकडेच तर नाही ना पोचलो.

पहिलं मिनिट बहुतेक शांत जातं. घाबरू नका, लोक चॅटचं बटण शोधत असतात. फोनवर ते दिसण्यासाठी आधी पडद्यावर एकदा बोट लावावं लागतं. हे आयोजकाने तोंडी सांगितलं तर लवकर सापडतं. ७:२२ च्या सुमाराला पहिलं उत्तर येतं: 'देवगड ३'. त्यावर लगेच:

'देवगडला मोहोर फुललाय! मोहोराखाली पांढरा कागद धरून मोहोर झटकलात का, किडी पडतात का? बाकीच्यांनी गाव आणि १ ते ४ आकडा टाका.'

या एका उत्तरात देवगडकराला खरा प्रश्न मिळाला आणि नव्याने येणाऱ्याला काय लिहायचं तेही कळलं. मोहोर कागदावर झटकून पडणारी बारीक फुलकीड बघणं ही बागायतदाराच्या हातातली तपासणी आहे, त्यामुळे तो उत्तर देतोच: 'पडतात, पिवळ्या बारीक'. मग दुसरा कोणीतरी 'आमच्याकडे तर मोहोर तांबूस पडायला लागला' असं लिहितो, आणि गप्पा आपल्या आपण पुढे सरकतात. तुमचं काम फक्त दर दोन मिनिटांनी मूळ प्रश्न पुन्हा टाकायचं.

७:२८ ला चॅटवाल्याने वक्त्याला, फक्त वक्त्याला, एक ओळ पाठवायची: 'बहुतेक २, रोहा-अलिबागकडून काही १, देवगड-वेंगुर्ला ३ आणि ४, तांबूस मोहोराची तक्रार दोन ठिकाणांहून.' ७:३० ला वक्ता त्यावरूनच सुरू करतो: 'देवगडहून कळलंय की कागदावर कीड पडतेय, तर आधी तिथूनच सुरुवात करू.' आपण लिहिलेलं कोणीतरी वाचलं, हे देवगडकराला इथे कळतं, आणि पुढे शंका विचारायला त्याचा हात अडखळत नाही.

नावाने हाक मारायची की गावाने?

आधी गाव, मग नाव. झूमवर दिसणारं नाव बऱ्याचदा खरं नसतं. फोनच्या मॉडेलचं नाव असतं, मुलाचं असतं, किंवा नोंदणी नवऱ्याच्या नावावर आणि ऐकायला बसलेली बाई. नावावरून 'या काका' म्हटलंत आणि पलीकडे काकी निघाल्या, तर त्या पुढे काही लिहीत नाहीत. 'नमस्कार, गुहागरकर!' किंवा 'या, राजापूर!' म्हटलं की चुकायला जागाच नाही. समोरच्याने स्वतःचं नाव लिहिलं की मग ते घ्या.

काका, काकी, दादा, ताई हे शब्द आपल्याकडे ओठावरच असतात, पण समोरच्याचं वय माहीत नसताना तोलून वापरा. पस्तिशीच्या माणसाला काका म्हटलेलं तो हसून सोडून देईल, पण मनात राहील. 'साहेब' सगळ्यांना लावू नका. एकाला साहेब आणि दुसऱ्याला नुसतं गाव, हे लोक बरोबर टिपतात. 'आलात', 'सांगा', 'बघा' ही आदराची रूपं सगळ्यांना सारखी पुरतात आणि त्यात स्त्री-पुरुषाचा प्रश्नही येत नाही.

मालवणीत लिहिलं तर जवळीक वाटेल ना?

तुमची घरची बोली असेल तर एखादं 'येवा' सहज येऊ द्या. नसेल तर नको. शिकून आणलेली मालवणी मालवणच्या माणसाला थट्टा वाटते, आणि रायगडाकडच्या माणसाची ती बोलीच नव्हे. साधी मराठी सगळ्यांना चालते. समोरचा त्याच्या बोलीत लिहील तर तुम्ही मराठीत उत्तर द्या, त्याची बोली दुरुस्त करू नका. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांनाही देवनागरीत निवांत उत्तर द्यावं, टोकू नये.

एका मिनिटात चाळीस लोक आले तर प्रत्येकाला नमस्कार कसा करायचा?

करायचाच नाही. गावं एकत्र करून लिहा: 'दापोली, मंडणगड, खेड, सगळीकडे बोंगेच दिसतायत. चिपळूण काय म्हणतंय?' एका ओळीत चार-पाच गावं आली की त्या सगळ्यांना आपण दिसल्यासारखं वाटतं, आणि ज्यांचं गाव राहिलं ते स्वतः लिहितात. पहिल्या पाच जणांचं नाव घेऊन भरभरून स्वागत आणि पुढच्या पन्नास जणांना काही नाही, हे मात्र वाईट दिसतं. सुरुवातीपासूनच असा सूर लावा जो गर्दी झाल्यावरही झेपेल.

तीन मिनिटं झाली, एकही उत्तर नाही. आता?

आधी वर सांगितलेला दुसरा फोन बघा. मेसेज दिसतोय ना? दिसत असेल तर प्रश्न आणखी सोपा करा: 'नुसता आकडा टाकलात तरी चालेल.' तरी शांतता असेल तर आयोजकाने माइक चालू करून तोंडी विचारावं. काही लोक चॅट उघडतच नाहीत, पण ऐकत असतात. आपल्याच दोन माणसांना खोटी नावं घेऊन लिहायला लावणं हा प्रकार चालतो असं ऐकायला मिळतं. तो करू नका. आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात, पकडले जाल. तुमच्याच संस्थेतला माणूस उघडपणे 'मी कुडाळहून, आमच्याकडे ३' असं लिहीत असेल तर काहीच हरकत नाही.

'आवाज येतोय का?' किती वेळा विचारायचं?

एकदा, ७:२९ ला, आणि तेही 'येत असेल तर चॅटमध्ये "हो" टाका' असं सांगून. सहभागींचे माइक बंद असतात, त्यामुळे तोंडी विचारून उत्तर मिळत नाही. दर मिनिटाला विचारलं तर लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय.

लाइट गेली, रेंज गेली आणि माणूस परत आला, तर त्याचं पुन्हा स्वागत करायचं का?

स्वागत नको, पण दोन शब्द जरूर लिहा. तो परत आत आला की त्याचंही चॅट कोरं झालेलं असतं आणि आपण किती चुकवलं याची त्याला धाकधूक असते. 'परत आलात, बरं झालं. अजून सुरू झालेलं नाही, ७:३० ला सुरू होईल' एवढं पुरे. सड्यावरच्या आणि घाटाखालच्या गावांत एका संध्याकाळी दोन-तीनदा असं होतं, आणि कोणी दखल घेतली नाही की तिसऱ्यांदा माणूस परत येत नाही.

सुरू व्हायच्या आधीच कोणी मोठा प्रश्न टाकला तर?

'माझ्या बागेत दोन फवारण्या करूनही कीड जात नाही, काय करू?' असा प्रश्न ७:२४ ला येतोच. चॅटवाल्याने औषधाचं नाव सांगू नये, स्वतःला माहीत असलं तरी. 'प्रश्न टिपून ठेवलाय, वक्त्यांपुढे पहिला हाच घेऊ. आधीच्या दोन फवारण्या कशाच्या आणि किती दिवसांच्या अंतराने, तेवढं लिहून ठेवाल का?' असं लिहा आणि खरोखर पहिला घ्या. झूमचा प्रश्नोत्तरांचा वेगळा कप्पा चालू असेल तर प्रश्न तिथे टाकायला सांगा, म्हणजे गप्पांत वाहून जात नाही.

औषधविक्रेत्याची जाहिरात किंवा अनोळखी लिंक आली तर लगेच काढून टाका आणि त्यावर चॅटमध्ये चर्चा करू नका. शुभेच्छांची चित्रं, राजकारण, यांकडे लक्षच न देणं बरं.

गर्दी अजून येतेय म्हणून पाच मिनिटं थांबावं का?

नाही. ७:३० म्हणजे ७:३०. वेळेवर आलेल्यांना थांबवून उशिरा येणाऱ्यांची सोय केली, की पुढच्या वेळी सगळेच ७:४० ला येतात. मधला मार्ग असा: ठरल्या वेळी सुरू करा, पण पहिली तीन-चार मिनिटं वक्त्याने चॅटमधल्या गावांवर आणि आकड्यांवर बोलावं. उशिरा आलेल्याचं मुख्य काही चुकत नाही आणि वेळ पाळणाऱ्यालाही कार्यक्रम सुरू झालेला दिसतो.

यूट्यूब लाइव्ह किंवा गूगल मीटवरही हेच चालेल का?

यूट्यूबवर आधी वेळ लावून ठेवलेल्या कार्यक्रमाचं चॅट सुरू होण्याआधीच उघडता येतं आणि एक मेसेज वर पिन करून ठेवता येतो, त्यामुळे तोच तोच मजकूर परत टाकायचा त्रास कमी. उलट चित्र-आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, म्हणून तोंडी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघताना घाई करू नका. मीटवर लोक एकमेकांना दिसतात, तिथे चॅटपेक्षा बोलूनच स्वागत करा.

कार्यक्रम सुरू झाल्यावर येणाऱ्यांचं काय?

७:३० नंतर चॅटमधलं स्वागत थांबवा, वक्ता बोलत असताना 'नमस्कार, संगमेश्वर!' चमकत राहिलं तर ऐकणाऱ्यांचं लक्ष जातं. ७:३५ ला आणि ७:४५ ला एकच ओळ टाका: 'आत्ता आलेल्यांसाठी: फुलकीड कशी ओळखायची हे चाललंय, शंका प्रश्नोत्तरांच्या कप्प्यात टाका.' पावणेआठनंतर तेही नको.